जुनं पुस्तक जसंच्या तसं टाइप करायचं काम: एका संपादकाचं टायपिस्टना पत्र



भंडारा, तुमसर, साकोली, पवनी, लाखनी, कुठेही जा. तहसील कार्यालयासमोर किंवा बसस्टँडजवळ टायपिंग करून देणारी दोन-चार टेबलं दिसतातच. मराठी ३० किंवा ४० शब्दांची परीक्षा पास झालेली मुलं-मुली आपल्या जिल्ह्यात भरपूर आहेत. अर्ज, प्रतिज्ञापत्र, भाडेकरार यात दर पडलेले आहेत, कारण तेच काम शेजारचाही करतो.

आज त्याच कीबोर्डवर करता येणाऱ्या एका वेगळ्या कामाबद्दल बोलू. जुनी मराठी पुस्तकं पुन्हा छापणाऱ्या छोट्या प्रकाशनांना छापील पानांवरून मजकूर टाइप करून लागतो. घरी बसून, पानावर पैसे. पण बरेच टायपिस्ट पहिल्याच चाचणी-पानाला बाद होतात, आणि स्पीड कमी असतो म्हणून नाही. असं पुनर्मुद्रण करणाऱ्या एका छोट्या प्रकाशनाचे संपादक नव्या टायपिस्टला कामाआधी एक पत्र देतात. ते पत्र खाली देतो. सावकाश वाचा, मग शेवटी दराचा हिशोब मांडू.

पत्र

टायपिस्ट मित्र-मैत्रिणींनो, सप्रेम नमस्कार.

तुम्ही आमच्यासाठी काम करायला तयार झालात, आनंद आहे. सोबत चाचणीसाठी पानं पाठवतो आहे. त्याआधी आम्हाला नेमकं काय हवं आहे ते सांगतो, म्हणजे तुमचीही मेहनत वाया जाणार नाही.

आम्हाला शुद्ध मराठी नको आहे. आम्हाला पानावर जे छापलं आहे ते हवं आहे.

ही दोन वाक्यं एकच वाटतात, पण यांच्यातच सगळी गोम आहे. तुम्ही शाळेत जे शुद्धलेखन शिकलात ते १९६२ च्या नियमांवर चालतं. मराठी साहित्य महामंडळाने नियम तयार केले, शासनाने मान्य केले, १९७२ मध्ये त्यात आणखी चार नियमांची भर पडली. त्याआधीची पुस्तकं वेगळ्या पद्धतीने लिहिलेली आहेत. त्या काळी ती पद्धत अशुद्ध नव्हती, तीच शुद्ध होती. आज तुमची बोटं सवयीने ‘घरांत’चं ‘घरात’ करतात, ‘कवि’चं ‘कवी’ करतात, आणि तुम्हाला कळतही नाही. आमच्याकडे येणाऱ्या चुकांमधला मोठा वाटा असाच असतो. चुकीची की दाबल्यामुळे झालेल्या चुका कमी, आणि चांगल्या मनाने ‘सुधारून’ दिलेल्या जास्त.

नियम सांगत बसण्यापेक्षा एक उतारा घेऊ. हा कुठल्याही पुस्तकातला नाही. सरावासाठी जुन्या धाटणीत मीच रचला आहे. समजा, पान ४७ वर असं छापलं आहे:

```
त्या गांवांत एक म्हातारा कोष्टी राहत असे. त्याचें नांव
कोणासच ठाऊक नव्हतें. सकाळीं तो नदीवर जाई, दुपारीं
माग चालवी आणि संध्याकाळीं देवळाच्या पायऱ्यांवर येऊन
बसे. मीं त्यास एकदां विचारलें, ‘बाबा, तुम्हीं हीं लुगडी
कोणासाठीं विणलीं?’ तो हंसला व म्हणाला, ‘तीं माझ्या
मुलीचीं आहेत.’
```

आता यातले डोक्यावरचे ठिपके, म्हणजे अनुस्वार, मोजा. पेन्सिल घेऊन खरंच मोजा. वीस भरतात.

हाच उतारा आजच्या सवयीने टाइप केला तर किती उरतात? दोन. एक ‘संध्याकाळी’तल्या ‘सं’वरचा आणि एक ‘पायऱ्यांवर’मधला. बाकीचे अठरा गेले. वाचणाऱ्याला अर्थ लागेल, पण ते आता जुनं पुस्तक राहिलं नाही.

तुम्ही विचाराल, उच्चार होत नाही तर त्या ठिपक्यांचा उपयोग काय? उपयोग आहे. ‘नांव’ म्हणजे माणसाचं नाव, आणि बिनठिपक्याची ‘नाव’ म्हणजे होडी. वैनगंगेच्या काठावरच्या गोष्टीत दोन्ही शब्द एकाच पानावर येऊ शकतात. ‘ती’ म्हणजे ती बाई, ‘तीं’ म्हणजे ती लुगडी, ती मुलं. ‘ते’ म्हणजे ते पुरुष, ‘तें’ म्हणजे ते घर. ‘मी जातों’ यात ‘मी’ साधा, पण ‘मीं विचारलें’ यात ठिपका आहे, कारण तिथे अर्थ ‘माझ्याकडून विचारलं गेलं’ असा आहे. जुना लेखक ठिपक्यातून लिंग, वचन, विभक्ती सांगत होता. तुम्ही ठिपका गाळला की त्याने सांगितलेली गोष्ट गाळली.

उलटी चूकही होते. उताऱ्यात ‘हीं लुगडी’ असं छापलं आहे. जुन्या नियमाने ते ‘हीं लुगडीं’ हवं. ठिपका कदाचित जुळाऱ्याकडून राहिला असेल, कदाचित टाइप झिजला असेल. ज्याला जुनं व्याकरण येतं असा हुशार टायपिस्ट इथे ठिपका घालून देतो, आणि त्याचे एकवीस भरतात. आमच्या दृष्टीने दोन ठिपके देणारा आणि एकवीस देणारा, दोघांनीही पान बदललं. आम्हाला वीसवाला हवा आहे.

मग ती छपाईतली चूक तशीच राहू द्यायची? तुम्ही राहू द्यायची, फक्त आम्हाला दाखवून द्यायची. कशी, ते पुढे सांगतो. ती दुरुस्त करायची की तळटीप द्यायची, हा निर्णय संपादकाचा. आम्ही आणखी एखादी प्रत, आधीची आवृत्ती पाहून ठरवतो. तुमच्यासमोर एकच पान असतं, तेवढ्यावरून ठरवता येत नाही.

ही भानगड नवी नाही. ज्ञानेश्वरी हाताने उतरवून घेणाऱ्या लोकांनी तीनशे वर्षांत इतके बदल केले की संत एकनाथांना शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, प्रती पडताळून पाठ शुद्ध करावा लागला. आणि शेवटी त्यांनी पुढच्यांना बजावून ठेवलं की यात कोणी स्वतःच्या ओव्या घालू नयेत. नक्कल करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना वाटायचं आपण चांगलं करतो आहोत.

काय राखायचं

ठिपक्यांखेरीज दुसरी जागा म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ. जुन्या पुस्तकांत संस्कृतातून आलेले शब्द शेवटी ऱ्हस्व असतात: कवि, बुद्धि, शक्ति, वस्तु, गुरु. आपला हात तिथे आपोआप दीर्घ करतो. ‘नागपुर’ असं छापलं असेल तर ‘नागपूर’ करू नका. ‘एकादा’ असेल तर ‘एखादा’ करू नका. एकाच पानावर एकदा ‘कवि’ आणि एकदा ‘कवी’ असेल तर दोन्ही जसेच्या तसे ठेवा. पुस्तकभर एकसारखं करणं हे तुमचं काम नाही.

तिसरी जागा बोलीची. पात्राच्या तोंडी ‘पानी’ असेल तर ते ‘पाणी’ होता कामा नये. आपल्या झाडीबोलीतही ‘ण’च्या जागी ‘न’ येतो, त्यामुळे भंडाऱ्याच्या टायपिस्टला इथे दुहेरी सावध राहावं लागतं. दंडारीच्या संहितेत लेखकाने मुद्दाम लिहिलेला ‘न’ शाळेच्या सवयीने ‘ण’ होतो, आणि कधी ‘ण’ छापलेला असताना मनात वाचतानाच्या उच्चाराने ‘न’ पडतो. म्हणून वाक्य मनात म्हणून टाइप करू नका. तीन-चार शब्द डोळ्यांनी घ्या, टाइप करा, पुन्हा पानाकडे पाहा. वेग कमी होईल, होऊ द्या.

काय राखायचं नाही

सगळंच राखायचं नसतं, हेही लक्षात घ्या. अक्षराचा आकार हा फॉन्टचा भाग आहे. जुन्या छपाईत अ, झ, ण, ल, श ही अक्षरं कधी आजच्यापेक्षा वेगळ्या वळणाची दिसतात. अक्षर तेच आहे, नेहमीची की दाबा.

पण ‘इ’च्या जागी ‘अि’, ‘उ’च्या जागी ‘अु’, ‘ए’च्या जागी ‘अे’ छापलेलं असेल तर तो आकाराचा प्रश्न नाही. सावरकरांच्या लिपिशुद्धीच्या प्रचारानंतर काही लेखकांनी आणि छापखान्यांनी जाणूनबुजून तसं लिहिलं. ते राखायचं. ‘अ’ टाइप करून पुढे वेलांटी द्या. काही संगणकांवर मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं, घाबरू नका, फाइलमध्ये अक्षरं बरोबर असतात.

ओळ जिथे तुटली तिथे तोडू नका, परिच्छेद सलग टाइप करा. ओळीच्या शेवटी जागा संपली म्हणून ‘संध्या-’ आणि खाली ‘काळीं’ असं तुटलं असेल तर जोडून ‘संध्याकाळीं’ लिहा. शब्द पानाच्या शेवटी तुटला असेल तर पूर्ण शब्द आधीच्या पानावर घ्या. ती छोटी रेघ मुळातच शब्दात आहे की जागेमुळे आली, असा संशय आला तर तोच शब्द पुस्तकात दुसरीकडे ओळीच्या मधोमध कसा आहे ते पाहा.

दिसायला सारखं, आतून वेगळं

आपल्याकडे अजून कृतिदेव, श्रीलिपी चालतं. आम्हाला युनिकोडमध्येच फाइल लागते, कारण तिच्यात शोध घेता येतो आणि ती कुठल्याही संगणकावर उघडते. पण युनिकोडमध्येही तीन जागी डोळा फसतो.

पहिली ‘ऱ्य’. ‘पायऱ्यांवर’ टाइप करताना साधा ‘र’ आणि हलन्त घेतला तर रफार तयार होतो आणि ‘पायर्यांवर’ असं दिसतं. इथे नुक्ता असलेला ‘ऱ’ लागतो. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर तो शिफ्ट दाबून J वर मिळतो, मग हलन्त, मग य. हे बारीक वाटतं, पण ‘आचार्यांना’ बोलवा आणि ‘आचाऱ्यांना’ बोलवा यात केवढा फरक आहे! एकाने प्रवचन होईल, दुसऱ्याने स्वयंपाक. ‘दर्या’ समुद्र आहे, ‘दऱ्या’ डोंगरातल्या.

दुसरी विसर्गाची. ‘दुःख’मधले दोन टिंब हे विसर्गाचं स्वतंत्र चिन्ह आहे. कोलनची की दाबली तर ‘दु:ख’ होतं. कागदावर फरक जाणवणार नाही, पण पुस्तकात ‘दुःख’ शोधलं तर हा शब्द सापडणार नाही.

तिसरी दंडाची. ओवी-अभंगाच्या शेवटचा दंड ‘।’ हे देवनागरीचं चिन्ह आहे. इंग्रजी कीबोर्डवरची उभी रेघ वापरू नका.

आणि मोबाइलवर किंवा संगणकावर शब्द सुचवणारी, आपोआप सुधारणारी सोय असेल तर काम सुरू करण्याआधी बंद करा. ती तुमच्यापेक्षाही उत्साहाने ‘घरांत’चं ‘घरात’ करते. बोलून टाइप करायचं तर नावच नको. न उच्चारलेला ठिपका कुठलंही यंत्र ऐकू शकत नाही.

शंका आली की

आमच्या फाइलमध्ये फक्त तीन खुणा चालतात.

```
[पृ. ४७]        छापील पानाचा क्रमांक, पानाच्या सुरुवातीला
[?]             वाचता न आलेलं अक्षर; दोन असतील तर [?][?]
लुगडी[छापील]     चूक वाटते, पण पानावर असंच आहे
```

वाचता आलं नाही तर अंदाजाने भरू नका. शाईचा डाग आहे की ठिपका, हे कळत नसेल तर `[?]` ठेवा. आम्ही मूळ पुस्तक भिंगाखाली पाहू. `[?]` दिल्याबद्दल आम्ही पैसे कापत नाही. अंदाजाने भरलेलं सापडलं तर मात्र पूर्ण पान परत येतं, कारण मग बाकीच्या पानावरही विश्वास ठेवता येत नाही.

`[छापील]` ही खूण जपून वापरा. जुन्या पद्धतीचा प्रत्येक शब्द आज चुकलेलाच वाटतो. पानभर खुणा आल्या तर समजायचं की तुम्ही आजच्या नियमाने पाहता आहात. त्याच पुस्तकात इतर ठिकाणी जसं असतं तसं इथे नाही, एवढंच झालं तर खूण करा.

पाठवण्याआधी तपासणी

टाइप झाल्या झाल्या तपासू नका. डोळ्यांना ते पान पाठ झालेलं असतं. निदान रात्र जाऊ द्या.

मग तीन गोष्टी. एक, ठिपके मोजा. छापील पानावर पेन्सिलीने ओळीगणिक मोजून समासात आकडा लिहा. पुस्तक नव्हे, त्याची झेरॉक्स हं! फाइलमधले ठिपके संगणक मोजून देतो. Notepad++ मध्ये शोधाच्या खिडकीत ‘ं’ टाकून Count दाबा. लिनक्स असेल तर ही ओळ चालेल:

```
grep -o 'ं' pan47.txt | wc -l
```

आकडा जुळला म्हणजे पान बरोबरच असं नाही. एक गळला आणि एक जास्त पडला तरी आकडा जुळतो. पण आकडा जुळला नाही तर चूक नक्की आहे, आणि समासातल्या आकड्यांवरून कुठल्या ओळीत ते लगेच सापडतं.

दोन, ‘र्य’ आणि ‘र्ह’ शोधा, प्रत्येक जागा पानाशी ताडून पाहा. नंतर कोलन शोधा, म्हणजे विसर्गाच्या जागी घुसलेले सापडतील.

तीन, दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या. घरातलं कोणीही चालेल. त्याने छापील पान मोठ्याने वाचायचं आणि तुम्ही स्क्रीन पाहायची. मात्र त्याला ठिपका आणि ऱ्हस्व-दीर्घसुद्धा बोलून दाखवायला सांगा: ‘गां ठिपका, वां ठिपका, त’. हसू येईल, पण छापखान्यांत मुद्रितं अशीच वाचली जात.

सोबतची तीन पानं चाचणीची आहेत. तिन्ही मिळून एकापेक्षा जास्त फरक निघाला नाही तर पुढचं काम तुमचं.

कळावे,
आपला,
संपादक

आता धंद्याची गोष्ट

पत्र इथे संपलं. मित्रांनो, यात संपादक नेमकं काय विकत घेतो आहे ते ओळखा. टायपिंग त्याला कुठेही स्वस्तात मिळतं. फोटोवरून अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअरही आहे, पण फिकट छपाईत ठिपका कुठला आणि डाग कुठला यात ते गोंधळतं. मग प्रत्येक ओळ माणसालाच पानाशी ताडून पाहावी लागते. तो पैसे देतो तुमच्या नजरेचे आणि हात आवरण्याचे. म्हणून दरही अर्जाच्या टायपिंगसारखा पानावर नजर टाकून सांगू नका. वेळेवरून काढा.

समजा, जुन्या पुस्तकाच्या एका पानावर २७० शब्द आहेत. तुमचा परीक्षेचा वेग मिनिटाला ३० शब्द. पण इथे पान पाहत, थांबत टाइप करायचं, म्हणून निम्मा, १५ धरा. म्हणजे १८ मिनिटं. ठिपके मोजणं, शोधणं आणि दुसऱ्याबरोबर वाचणं मिळून आणखी १२ मिनिटं. एक पान अर्ध्या तासाचं झालं. तुम्हाला तासाला १०० रुपये सुटायला हवे असतील तर पानाचा दर ५० रुपये. त्यातून वाचून दाखवणाऱ्याला १० द्यायचे असतील तर दर ६०. ९ मिनिटांत टाइप होतं असं धरून २० रुपये सांगितलेत, तर तपासणी गाळावी लागेल, आणि तपासणी गाळली की काम जाईल. हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमचे स्वतःचे काढायचे तर घड्याळ लावून पाच पानं करून पाहा.

दर ठरवताना पान कसं मोजायचं तेही आधीच लिहून घ्या. पानं लहान-मोठी असतात, म्हणून हजार शब्दांवर दर ठरवणं दोघांनाही सोयीचं. कविता, कोष्टक, तळटिपा असलेल्या पानांचा दर वेगळा. दुरुस्त्या किती वेळा मोफत, तेही लिहा: तुमची चूक असेल तर कितीही वेळा, संपादकाने नंतर पद्धत बदलली तर वेगळे पैसे.

आणखी एक गोष्ट, पुस्तकाच्या हक्काची. आपल्या कायद्यात लेखकाचं निधन झालं त्याच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं हक्क राहतो. साने गुरुजींचं निधन १९५० सालचं, म्हणून त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेली पुस्तकं २०११ पासून मोकळी झाली. मृत्यूनंतर प्रथमच छापलेल्या पुस्तकाची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात, आणि अनुवाद असेल तर अनुवादकाचा हक्क वेगळा असतो. हे तपासणं प्रकाशकाचं काम आहे, पण पुनर्मुद्रणाचा हक्क आपल्याकडे आहे किंवा पुस्तक मुक्त आहे, एवढी एक ओळ ऑर्डरच्या मेलमध्ये मागून घ्या.

या आठवड्याचा गृहपाठ

पत्रातला कोष्ट्याचा उतारा न पाहता नाही, पाहून टाइप करा. ठिपके मोजा. वीस आले का? दोन-चारच आले तर सवय अजून शाळेची आहे, एकवीस आले तर व्याकरण हातात घुसलं आहे. वीस येईपर्यंत करा.

नंतर मराठी विकिस्रोतावर जा. तिथे एका बाजूला जुन्या पुस्तकाच्या पानाचं छायाचित्र आणि दुसऱ्या बाजूला मजकूर असतो. न तपासलेलं पान लाल, एकाने तपासलेलं पिवळं, आणि दुसऱ्या वेगळ्या माणसाने पुन्हा तपासलं की हिरवं. खातं उघडून १९६२ च्या आधीच्या एखाद्या पुस्तकाची दहा पानं पिवळी करा. कोणी हिरवी करताना काय काय बदललं ते त्या पानाच्या इतिहासात दिसतं. तुमच्या चुका फुकटात दाखवणारा असा दुसरा शिक्षक मिळणार नाही. आणि प्रकाशकाला मेल कराल तेव्हा ‘मला टायपिंग येतं’ असं लिहिण्याऐवजी त्या दहा पानांचा दुवा पाठवा.